मॅन्युअलवर चालला, ऑटोवर नाही

प्रश्न : मी पुण्यातल्या ४८ फ्लॅटच्या एका सोसायटीची सेक्रेटरी आहे. जुलैमध्ये एका रात्री दोन ते पाच जोरदार पाऊस झाला आणि बेसमेंट पार्किंगच्या खालच्या कोपऱ्यात घोट्याच्या वर पाणी साचलं. खड्ड्यात ३ एचपीचे दोन सबमर्सिबल पंप आहेत, पॅनल ऑटोवर होतं, तरी एकही पंप चालू झाला नाही. पाच वाजता वॉचमनला कळलं. त्याने एक नंबरचा पंप मॅन्युअलवर टाकला. तो चालू झाला, पण अर्ध्या तासात पाणी जराही उतरलं नाही. मग त्याने दोन नंबरचाही चालू केला, तर तो ट्रिप झाला. सकाळी वायरमन आला, त्याने ट्रिप रिसेट केला, दोन्ही पंप ऑटोवर ठेवले आणि काठीने फ्लोट हलवला. दोन्ही पंप लगेच चालू झाले आणि तासाभरात बेसमेंट रिकामं झालं. कंत्राटदार म्हणतो, पंप जुने आणि लहान आहेत, ५ एचपीचे दोन नवे बसवा. सभासद म्हणतात, वॉचमन झोपला होता, त्याला काढा. पुढच्या रविवारी सभा आहे. काय करू? (पंपांच्या प्लेटचे आणि खड्ड्याचे फोटो, मापं सोबत पाठवत आहे.)

उत्तर :

ताई, रविवारच्या सभेत कोटेशन मंजूर करू नका. ते पुढे ढकला, कारण पंप खराब असल्याचा एकही पुरावा तुमच्या पत्रात नाही. उलट, पंप ठीक असल्याचे तीन पुरावे आहेत. तुम्ही घटना ज्या क्रमाने लिहिल्या आहेत त्या क्रमातच बिघाड कुठे आहे ते दिसतं, म्हणून आपण त्याच क्रमाने जाऊ.

पहिली गोष्ट म्हणजे ऑटोवर न चालणारा पंप मॅन्युअलवर चालू झाला. पॅनलवरच्या ऑटो-ऑफ-मॅन्युअल स्विचचं काम साधं आहे. मॅन्युअलवर टाकलं की स्टार्टरच्या कॉन्टॅक्टरला थेट वीज मिळते. ऑटोवर तीच वीज आधी फ्लोटमधून जाते आणि फ्लोटने ‘पाणी आलं’ असं सांगितलं तरच पुढे सरकते. मोटर, केबल, ओव्हरलोड रिले, फेजवर लक्ष ठेवणारा रिले, हे सगळं दोन्ही मार्गांना सामायिक असतं. त्यामुळे एक मार्ग चालला आणि दुसरा नाही, तर दोष फक्त दुसऱ्या मार्गात जेवढं जास्तीचं आहे तेवढ्यातच शोधायचा. तिथे फ्लोट, त्याची वायर आणि सिलेक्टर स्विचचा एक कॉन्टॅक्ट एवढंच असतं. वायरमनने काठी लावल्याबरोबर पंप सुरू झाले म्हणजे वायर आणि कॉन्टॅक्टही ठीक. फ्लोट अडकला होता.

तुमच्या फोटोत तो का अडकला तेही दिसतं. केबलला लोंबणारा हा प्लॅस्टिकचा फ्लोट पाणी वाढलं की तरंगतो, उलटा होतो आणि त्याच्या आतला स्विच जुळतो. त्याला उलटं व्हायला मोकळी जागा लागते. तुमच्याकडे फ्लोटची केबल पंपाच्या उचलायच्या साखळीलाच बांधली आहे आणि पुढे जवळजवळ हातभर केबल सैल सोडली आहे. रॅम्पच्या गटाराचा पाइप नेमका त्याच बाजूला खड्ड्यात पडतो. वरून पाण्याची धार पडते, खड्ड्यात भोवरा होतो, सैल केबल साखळीभोवती गुंडाळते आणि फ्लोट पंपाच्या आणि भिंतीच्या मध्ये जाऊन बसतो. पाणी त्याच्या डोक्यावरून जातं, तो खालीच राहतो. फोटोत साखळीला चिकटलेलं वेफर्सचं पाकीट आणि गुटख्याच्या पुड्याही दिसतात. त्यांनी या कामाला हातभारच लावला असणार. रिमझिम पावसात धार कमी असते, भोवरा होत नाही, फ्लोट नीट तरंगतो. म्हणून जून महिनाभर सगळं सुरळीत चाललं आणि खरा पाऊस आला त्याच रात्री दगा झाला. ‘नेमकं त्याच दिवशी कसं बंद पडलं’ असं सभेत कुणी खोचकपणे विचारलं, तर त्याचं कारण हे आहे.

मात्र फ्लोट अडकला एवढ्याने गोष्ट संपत नाही. अर्धा तास मॅन्युअलवर चालूनही एक नंबरच्या पंपाने पाणी का उतरवलं नाही, हा प्रश्न उरतोच. कंत्राटदाराने तुमच्या मनात ‘पंप लहान आहे’ हे भरवलंय ते इथेच. त्याचा हिशोब आपण करून बघू.

तुम्ही दिलेल्या मापांनुसार रॅम्प आणि त्याच्या तोंडाशी उताराला असलेली फरशी मिळून साधारण २५० चौरस मीटर जागेचं पाणी बेसमेंटमध्ये येतं. तासाला ४५ मिलिमीटर पाऊस धरू, पुण्याच्या मानाने हा जोरदारच. २५० चौरस मीटरवर ४५ मिलिमीटर म्हणजे तासाला ११,२५० लिटर, मिनिटाला १९० लिटरच्या आत-बाहेर. पंपाच्या प्लेटवर १० मीटर हेडला, म्हणजे पाणी तेवढं उंच चढवताना, मिनिटाला ४०० लिटर असं लिहिलंय, आणि तुमच्याकडे पाणी चढवायची उंची १० मीटरपेक्षा बरीच कमी आहे. म्हणजे एकच पंप, तोही ऐन पावसात, येणाऱ्या पाण्याच्या दुप्पट पाणी बाहेर टाकू शकतो. पाच वाजता तर पाऊस थांबला होता. अर्ध्या तासात त्याने १२,००० लिटर काढायला हवं होतं. बेसमेंटची फरशी ५०० चौरस मीटर धरली तर सरासरी अडीच सेंटिमीटर, बोटभर तरी पाणी कमी व्हायला हवं होतं. ते झालं नाही. याचा अर्थ पंपाने पाणी थोडं काढलं असा नाही. पाणी बाहेर गेलंच नाही, असा आहे.

मग ते गेलं कुठे? परत खड्ड्यात.

तुमच्या दोन्ही पंपांचे पाइप खड्ड्याच्या वर येऊन एका तीन इंची पाइपला मिळतात आणि तो पुढे पावसाळी चेंबरला जातो. प्रत्येक पंपाच्या पाइपवर एक एनआरव्ही, म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आहे. त्याच्या आत बिजागरीवर झुलणारी झडप असते. पाणी खालून वर गेलं की ती उघडते, उलटं यायला लागलं की मिटते. एक नंबरचा पंप चालू असताना दोन नंबरच्या पाइपवरची झडप मिटलेली असायला हवी. ती अर्धवट उघडी राहिली, तर एक नंबरने वर चढवलेल्या पाण्यासमोर दोन वाटा असतात. एक वाट साडेचार-पाच मीटर चढून चेंबरमध्ये जाते, दुसरी बंद पडलेल्या दोन नंबरच्या पंपातून सरळ खाली खड्ड्यात. पाणी सोपी वाट धरतं. मग एक नंबरचा पंप रात्रभर चालवला तरी तेच पाणी गोल गोल फिरत राहतं.

दोन नंबरचा पंप ट्रिप का झाला, याचंही उत्तर बहुतेक यातच आहे. त्याच्यातून पाणी उलटं वाहत होतं तेव्हा त्याचा इम्पेलर, म्हणजे आतलं पाणी ढकलणारं चाकही उलटं फिरत होतं. त्याच क्षणी वॉचमनने बटण दाबलं. उलट्या फिरणाऱ्या मोटरला आधी थांबवून मग सुलट फिरवायचं म्हणजे सुरुवातीचा जोराचा करंट नेहमीपेक्षा जास्त वेळ ओढला जातो, आणि ओव्हरलोड रिलेने तो तोडला. त्याने आपलं काम केलं. सकाळी एक नंबर बंद होता, पाइपातलं पाणी उतरून गेलं होतं, इम्पेलर थांबला होता. वायरमनने रिसेट केल्यावर तोच ‘खराब’ पंप बिनतक्रार चालू झाला.

आता दोघं मिळून तासाभरात बेसमेंट कसं रिकामं झालं ते बघा. दोन्ही पंप एकदम चालू असले की दोन नंबरच्या पाइपातही पाणी वरच जात असतं, त्यामुळे त्याची झडप उघडी आहे की मिटत नाही, याने काही फरक पडत नाही. रात्रीच्या तीन तासांत आलेलं पाणी वरच्याच हिशोबाने ३४,००० लिटरच्या आसपास होतं. दोन पंपांनी ते पाऊण ते एक तासात काढणं अगदी बरोबर जुळतं. तुमच्या पॅनलमध्ये दोन्ही पंप एकाच फ्लोटवर एकत्र चालू होतात, म्हणून हा एनआरव्ही कदाचित वर्ष-दोन वर्षं बिघडलेला असूनही कुणाच्या लक्षात आला नाही. ऑटोवर दोघं नेहमी सोबत चालायचे. एकट्याने चालायची वेळ त्या रात्री आली.

इथे तुमच्या पत्रातल्या एका गृहीताकडे जरा वेगळ्या नजरेने बघायला हवं. दोन पंप आहेत म्हणजे एक बंद पडला तर दुसरा आहे, असं सोसायटी धरून चालली होती. तुमच्याकडे दोन मोटरी आहेत, पण फ्लोट एकच आहे. तो अडकला की दोन्ही गेले. वरचा पाइपही एकच आहे, त्यामुळे एकाचा एनआरव्ही उघडा राहिला की दुसऱ्याचंही काम गेलं. उद्या ५ एचपीचे दोन पंप याच फ्लोटवर आणि याच पाइपवर बसवले, तर पुढच्या जोरदार पावसात हेच घडेल, फक्त वीज जास्त जाईल. मोठा पंप तुमचा दीड मीटर बाय दीड मीटरचा खड्डा जास्त लवकर रिकामा करेल आणि साध्या पावसात तासातून जास्त वेळा चालू-बंद होईल. सबमर्सिबल मोटरला हेच सोसत नाही. तासाला किती वेळा चालू करायची याची मर्यादा उत्पादकाने दिलेली असते. शिवाय जनरेटर दोन ५ एचपीच्या मोटरी एकदम सुरू करू शकेल का, हे कोटेशनमध्ये कुठेच लिहिलेलं नाही.

माझ्या निदानावर विश्वास ठेवून सभेत बोलू नका. सभेच्या आधी तासाभरात ते तपासून घेता येतं. त्यासाठी घड्याळ, मोजपट्टी आणि वायरमन एवढंच लागतं.

खड्ड्याच्या आतल्या भिंतीवर चाळीस सेंटिमीटरच्या अंतराने रंगाच्या दोन रेघा मारा. खालची रेघ पंपाची जाळी पूर्ण बुडालेली राहील इतकी वर असू द्या. दीड बाय दीड मीटरच्या खड्ड्यात दोन रेघांच्या मध्ये ९०० लिटर पाणी बसतं. पावसाची सर थांबल्यावर खड्डा आयता भरलेला असेल तेव्हा, नाहीतर बोअरच्या पाइपने वरच्या रेघेपर्यंत भरून, फक्त एक नंबरचा पंप मॅन्युअलवर चालवा आणि पाणी खालच्या रेघेला यायला लागलेला वेळ मोजा. मिनिटाला ४०० लिटरने ते सव्वादोन मिनिटांत व्हायला हवं. पुन्हा भरा आणि फक्त दोन नंबर चालवून मोजा. माझा अंदाज असा की दोन नंबर एकटा अडीच मिनिटांच्या आत काम संपवेल आणि एक नंबर एकटा त्याच्या कितीतरी पट वेळ घेईल किंवा खालच्या रेघेपर्यंत पोचणारच नाही.

तसं झालं तर दोष दोन नंबरच्या एनआरव्हीत आहे. हे नीट लक्षात ठेवा, कारण इथेच फसगत होते. हळू चालणारा दिसतो एक नंबर, म्हणून कंत्राटदार एक नंबर उचलून नेतो, त्याला ‘ओव्हरहॉल’ करून आणतो, बिल देतो आणि परिस्थिती होती तशीच राहते. एक नंबर एकटा चालू असताना टॉर्च मारून दोन नंबरच्या बुडाशी बघा. बंद पंपाच्या जाळीतून पाणी बाहेर ढवळत असेल तर आणखी पुरावा नको. एका माणसाला वर पावसाळी चेंबरपाशी उभं करा, तिथे पाइपातून जोराची धार येते की नुसतं ओघळ, तेही तो सांगेल. तळमजल्यावर राहणाऱ्यांना एक प्रश्न विचारून ठेवा. पूर्वी पंप बंद होताना पाइपात ‘धप्प’ असा आवाज यायचा का, आणि आता येत नाही का? तो आवाज झडप मिटल्याचा असतो.

सगळी चाचणी खड्ड्याच्या बाहेरून करायची. कुणीही आत उतरायचं नाही. झाकलेल्या खड्ड्यात कुजलेला कचरा असला की आत वायू साचतो, आणि पाण्यात उभं राहून चालू पंपाला हात लावणं हा वेगळाच धोका आहे. पंप बघायचाच असेल तर मेन स्विच काढून साखळीने वर ओढायचा.

एनआरव्ही उघडल्यावर आत काय सापडेल ते सांगतो. बहुतेक वेळा झडपेच्या आणि तिच्या बैठकीच्या मध्ये खडा, प्लॅस्टिकचा तुकडा किंवा सिमेंटची खपली अडकलेली असते. नाहीतर बिजागरीची पिन झिजून झडप वाकडी बसते. कचरा असेल तर साफ करून चालेल, पिन गेली असेल तर नवा घ्या. नवा घेताना दोन गोष्टी बदला. तुमचा एनआरव्ही खड्ड्याच्या आत, उभ्या पाइपवर आहे. पंप थांबला की पाण्यातला गाळ वरून त्या झडपेवरच बसतो. तो खड्ड्याच्या बाहेर, आडव्या पाइपवर, हात पोचेल अशा जागी हलवा आणि त्याच्या पुढे एक साधा गेट व्हॉल्व्ह टाका. तो गेट व्हॉल्व्ह त्या रात्री असता तर वॉचमनने दोन नंबरची वाट बंद केली असती आणि एक नंबरने एकट्याने पाणी काढलं असतं. आणि झुलत्या झडपेऐवजी आत गोळा असलेला बॉल टाइप एनआरव्ही मागा. गढूळ, कचऱ्याच्या पाण्यात तो कमी अडकतो. बसवताना अंगावरचा बाण पाणी जायच्या दिशेला आहे ना, ते तुम्ही स्वतः बघा. उलटा बसवलेला एनआरव्ही मी पाहिलेला आहे, आणि बसवणाऱ्याने तो शपथेवर सुलटा असल्याचं सांगितलं होतं.

नवी, घट्ट मिटणारी झडप बसवल्यावर एखादेवेळी उलटीच तक्रार येते. उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडतो, पंपात हवा भरते, पहिल्या पावसाचं पाणी वर चढतं पण ती हवा झडपेखाली कोंडून राहते. पंप फिरतो, पाणी येत नाही. त्यासाठी पंपाच्या आणि एनआरव्हीच्या मधल्या पाइपाला पाचेक मिलिमीटरचं भोक पाडतात. पंप चालू असताना त्यातून बारीक पिचकारी उडते, तिचं तोंड खाली खड्ड्याकडेच असावं. काही पंपांना अशी सोय मुळातच असते, म्हणून आधी पंपाचं पुस्तक बघायला सांगा. उगाच भोकं पाडू नका.

आता फ्लोट. तुमच्या बिघाडाचं मूळ तेच आहे आणि दुरुस्ती सगळ्यात स्वस्त आहे. खड्ड्याच्या ज्या कोपऱ्यात गटाराची धार पडत नाही तिथे एक इंची जीआय पाइप उभा पक्का करा आणि फ्लोटच्या केबली त्याला बांधा, पंपाच्या साखळीला नाही. बांधल्यापासून पुढे मोकळी केबल वीतभरच ठेवा. फ्लोट पूर्ण गोल फिरवून बघा, भिंतीला, पंपाला, पाइपला कुठेही लागता कामा नये. जुना फ्लोट कानाशी धरून हलवा. आत पाणी खळखळलं तर तो फुटलाय, टाकून द्या.

एकाऐवजी चार फ्लोट घ्या. सगळ्यात खालचा पंप बंद करण्यासाठी, त्याच्या वरचा पहिला पंप चालू करण्यासाठी, त्याच्याही वरचा दुसरा पंप चालू करण्यासाठी. पंपांची पाळी दर खेपेला बदलणारा छोटा रिले पॅनलमध्ये बसतो, तो टाकून घ्या. त्यामुळे दोन्ही मोटरी सारख्या चालतील, आणि एकट्या पंपाचा दोष वर्षभर लपून राहणार नाही. चौथा फ्लोट सगळ्यात वर, खड्ड्याच्या काठाच्या जरा खाली, आणि त्याचा पंपांशी काही संबंध नको. त्याची वायर वॉचमनच्या केबिनमधल्या भोंग्याला, बॅटरीवर चालणाऱ्या. वीज गेली, फ्लोट अडकला, पंप जळला, काहीही झालं तरी पाणी त्या उंचीला आलं की भोंगा वाजेल. माझ्या हातात सोसायटीचे मर्यादित पैसे असते तर मी आधी हा भोंगा घेतला असता, मग एनआरव्ही, मग बाकीचे फ्लोट. पंप या यादीत कुठेच नाही. फ्लोटच्या सर्किटला २३० ऐवजी २४ व्होल्ट देता येतात का, ते पॅनलवाल्याला विचारा. पाण्यात लोंबणाऱ्या वायरीत जितके कमी व्होल्ट तितकं बरं.

वॉचमनबद्दल. रात्री दोन वाजता त्याला बेसमेंटमध्ये पाणी साचतंय हे कळायची काय सोय सोसायटीने केली होती? पॅनलवर दिवा नाही, भोंगा नाही, केबिन गेटवर आणि पाणी मागच्या कोपऱ्यात. पाच वाजता कळल्यावर त्याने जे केलं ते बरोबर होतं, आणि त्याच्यामुळेच आपल्याला एनआरव्हीचा दोष सापडला. पण त्याने आणखी एक गोष्ट केली, तिची सभेत चर्चा व्हायला हवी. तुमचं पॅनल बेसमेंटच्याच भिंतीवर आहे. म्हणजे तो घोट्याच्या वर पाण्यात उभा राहून तीन फेजच्या पॅनलची बटणं दाबत होता. त्याला काढायच्या ठरावापेक्षा ते पॅनल रॅम्पच्या वर, तळमजल्यावर न्यायचा ठराव मांडा. तोवर त्याला लेखी सूचना द्या की पाणी साचलं असेल तर बेसमेंटमध्ये उतरायचं नाही, आधी वरून बेसमेंटचा मेन स्विच काढायचा आणि वायरमनला फोन करायचा. ज्यांच्या गाड्या पाण्यात होत्या त्यांनाही सांगा, इंजिनात पाणी गेल्याची शंका असेल तर किल्ली फिरवून बघायचा मोह टाळा, मेकॅनिकने बघेपर्यंत गाडी ढकलूनच बाहेर काढा.

वार्षिक देखभालीचा करार ज्याला दिलाय त्याच्या भेटीच्या नोंदी मागवून बघा. बहुतेक ठिकाणी ‘पंप चेक केले, ओके’ एवढंच लिहिलेलं असतं, आणि तो चेक म्हणजे मॅन्युअलचं बटण दाबून मोटरचा आवाज ऐकणं. तुमच्या दोन्ही दोषांपैकी एकही त्यात सापडणार नाही. फ्लोट दोरीने उचलून पंप चालू केला तरी फक्त आतला स्विच जुळतो एवढंच कळतं, तो पाण्यात स्वतःहून तरंगतो की नाही ते कळत नाही. करारात असं लिहून घ्या : मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आणि नंतर पावसाळाभर महिन्यातून एकदा खड्डा पाण्याने भरायचा, पॅनल ऑटोवर ठेवून कुणीही हात न लावता पंप चालू होतोय का बघायचं, आणि मग प्रत्येक पंप एकटा चालवून दोन रेघांमधला वेळ वहीत लिहायचा. वेळ वाढत गेली की पाऊस येण्याआधीच कळतं.

रो-हाउस किंवा बंगल्यात एकच छोटा पंप असणाऱ्या वाचकांनाही यातलं बरंच लागू आहे, फक्त लक्षणं वेगळी दिसतात. एकाच पंपाचा एनआरव्ही उघडा राहिला तर पाइपातलं पाणी दर वेळी खड्ड्यात परत येतं. दोन इंची, पाच मीटर उभ्या पाइपात दहाएक लिटर पाणी असतं. साठ सेंटिमीटर चौरस खड्ड्यात त्याने पातळी जवळजवळ तीन सेंटिमीटर वाढते. फ्लोटची चालू-बंदची उंची दहा सेंटिमीटर असेल तर पंपाच्या कामाचा चौथा भाग तेच पाणी पुन्हा चढवण्यात जातो, आणि तो सारखा चालू-बंद होत राहतो. पाऊस थांबल्यावरही तुमचा पंप थोड्या थोड्या वेळाने घुरघुरत असेल तर आधी एनआरव्ही उघडा. झडप मिटलेल्या अवस्थेत अडकली तर पंप फिरतो, पाणी येत नाही आणि थोड्या वेळाने मोटर तापून आपोआप बंद होते. त्यालाही लोक पंप जळाला म्हणतात.

ताई, रविवारच्या आधी ती दोन रेघांची चाचणी करा आणि आकडे फळ्यावर लिहून सभेपुढे ठेवा. कंत्राटदारालाही बोलवा आणि एक नंबर एकटा का हळू चालतो, हे त्यालाच विचारा. दोन्ही पंपांना एकट्याने सव्वादोन-अडीच मिनिटं लागली, तर मात्र माझं एनआरव्हीचं निदान चुकलं असं समजा आणि त्या रात्री वर पावसाळी चेंबर तुंबून पाणी परत येत होतं का ते बघा. दोघांनाही चार मिनिटांच्या वर लागली, तर इम्पेलर झिजले असण्याची शक्यता आहे. तेव्हा पंप उघडून बघायला आणि नव्याचा विचार करायला माझी हरकत नाही, पण तेव्हाही ३ एचपीचेच.